एक हेक्टरमध्ये ६९ नाही, ४४ प्लॉट: बाकीची जमीन जाते कुठे?

यवतमाळ, पुसद किंवा वणीत लेआउटचा विषय निघाला की हिशोब लगेच मांडला जातो. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, ९ बाय १६ मीटरचा प्लॉट १४४ चौरस मीटरचा, म्हणजे ६९ प्लॉट. मंजूर नकाशात मात्र एवढे प्लॉट बसत नाहीत. का, ते एका काल्पनिक उदाहरणातून पाहू.

नगरपरिषद हद्दीत १०० बाय १०० मीटरची चौकोनी जमीन आहे आणि समोर रस्ता आहे. हा रस्ता रुंद होणार असल्याने पुढची २ मीटरची पट्टी, म्हणजे २०० चौरस मीटर, आधीच गेली. उरली ९८ मीटर खोली.

राज्याच्या २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीनुसार निवासी लेआउटमध्ये १५० मीटर लांबीपर्यंतचा अंतर्गत रस्ता ९ मीटर रुंद लागतो. या खोलीत प्लॉटच्या पाच रांगा आणि दोन आडवे रस्ते बसतात. पहिली रांग समोरच्या रस्त्यावर उघडते, बाकीच्या चार आतल्या रस्त्यांवर. आत जायला मधोमध एक उभा रस्ताही हवा. तिन्ही रस्त्यांनी मिळून २,३७६ चौरस मीटर जागा घेतली.

जमीन ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल, तर १० टक्के ओपन स्पेस सोडावी लागते. इथे उरलेल्या ९,८०० चौरस मीटरवर ती ९८० होते. ती शेवटच्या रांगेत ठेवली, तर त्या रांगेतली ६१ मीटर लांबी जाते. तिथे चार प्लॉट आणि ट्रान्सफॉर्मरपुरती जागा उरते.

पहिल्या चार रांगांतून उभा रस्ता जातो, म्हणून प्रत्येकीत १० प्लॉट. एकूण ४० अधिक ४, म्हणजे ४४. विकण्याजोगी जमीन साधारण ६३ टक्के. नाला किंवा तिरकी हद्द असेल, तर आकडा आणखी खाली येतो. मोठ्या लेआउटमध्ये शाळा, दवाखान्यासाठी सुविधा जागाही सोडावी लागते.

याचा भावावर थेट परिणाम होतो. जमीन १,००० रुपये चौरस मीटरने घेतली, तर रस्ते-नाल्या बांधण्याआधीच प्लॉटची जमीन सुमारे १,५७८ रुपयांना पडते.

आता याच जमिनीवर कोणी ५१ प्लॉटचा नकाशा दाखवला तर? ओपन स्पेसच्या जागी प्लॉट पाडले, तर शेवटच्या रांगेत ४ ऐवजी ११ प्लॉट बसतात. नेमके सात वाढतात. म्हणून विक्रेत्याच्या रंगीत माहितीपत्रकावर न थांबता मंजूर अभिन्यासाची प्रत मागावी, त्यात ओपन स्पेस कुठे आहे ते पाहावे आणि आपला प्लॉट नंबर तिच्यावर तर येत नाही ना, हे तपासावे. इसार त्यानंतरच द्यावा.