पंपाची भीती आणि दम्याची भीती : साठ वर्षांचा मागोवा

१९६१च्या अखेरीस थॅलिडोमाइड बाजारातून मागे घेतलं गेलं आणि गरोदर बाईला औषध लिहिताना डॉक्टरांचा हात आखडू लागला. त्यात नवल नव्हतं. मळमळीवर दिलेल्या एका गोळीमुळे हजारो मुलं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली होती. पण या भीतीचा फटका ज्या आजारांत औषध न देणंच जास्त धोक्याचं होतं त्यांनाही बसला, आणि दमा त्यांपैकी एक.

त्या काळी दम्यावर अॅड्रिनलिनचं इंजेक्शन, एफेड्रिन आणि थिओफिलिनच्या गोळ्या होत्या. ही औषधं साऱ्या शरीरभर फिरत, छातीत धडधड आणि हातांना कंप आणत. १९६९मध्ये साल्ब्युटामॉलचा पंप आला, १९७२मध्ये बेक्लोमेथासोन या स्टिरॉइडचा. औषध मायक्रोग्रॅमच्या मापात थेट श्वासनलिकेत पोचू लागलं आणि रक्तात फार थोडं उतरू लागलं. त्याच १९७२ साली नॉर्वेच्या जन्मनोंदींतून दिसलं की दमेकरी आईच्या नवजात बाळाच्या मृत्यूचं प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आहे. हा दोष दम्याचा की त्याच्या औषधांचा, हे मात्र त्या आकड्यांवरून कळत नव्हतं.

गरोदरपणात दमा वागतो कसा, याचं स्पष्ट चित्र १९८८मध्ये अमेरिकेतल्या मायकेल शॅट्झ यांच्या अभ्यासाने दिलं. साधारण एक तृतीयांश बायकांचा दमा वाढतो, तितक्याच बायकांचा कमी होतो आणि उरलेल्यांचा आहे तसाच राहतो. त्रास वाढलाच तर तो बहुतेक करून २४ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान. शेवटचा महिना तुलनेने हलका जातो आणि प्रत्यक्ष कळांमध्ये मोठा अॅटॅक क्वचितच येतो. म्हणजे सगळ्यांना धास्ती असते बाळंतपणाच्या दिवसाची, आणि खरं लक्ष ठेवायचं असतं सहाव्या ते आठव्या महिन्यात.

१९९९ साली दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. शेजारी ठेवून वाचले तर या साऱ्या कथेचा पेच त्यांतच दिसतो. स्वीडनमध्ये सुरुवातीच्या महिन्यांत ब्युडेसोनाइडचा पंप घेतलेल्या आयांच्या २०१४ बाळांची नोंद तपासली गेली. जन्मजात व्यंगाचं प्रमाण ३.८ टक्के निघालं; सर्वसाधारण बाळांत ते ३.५ टक्के होतं, म्हणजे फरक नगण्य. अमेरिकेतला दुसरा अभ्यास होता दम्याचा अॅटॅक घेऊन इमर्जन्सी विभागात आलेल्या बायकांचा. गरोदर नसलेल्यांपैकी ६६ टक्क्यांना तिथे स्टिरॉइड मिळालं, गरोदर असलेल्यांपैकी फक्त ४४ टक्क्यांना. दोन आठवड्यांनी विचारलं, तेव्हा अॅटॅक अजून शमलेला नाही असं सांगण्याची शक्यता गरोदर बायकांत जवळजवळ तिप्पट होती. औषध सुरक्षित असल्याचा पुरावा हाती येत होता आणि नेमकी जिला गरज तिलाच ते कमी मिळत होतं.

आपल्याकडे हा पेच घरापासूनच सुरू होतो. समजा, एका बाईने दिवस राहिल्याचं कळताच दुसऱ्या महिन्यात ब्युडेसोनाइडचा पंप बंद केला. ‘बाळाला स्टिरॉइड नको, पंपाची सवय लागते’ असं घरच्यांचं म्हणणं. चार महिने निभावलं. २८व्या आठवड्यात सर्दी झाली, रात्री खोकल्याने जाग येऊ लागली, साल्ब्युटामॉलचा निळा पंप दर दोन तासांनी लागू लागला. तिसऱ्या दिवशी ती दवाखान्यात आली तेव्हा एका दमात तीन-चार शब्दच बोलू शकत होती. नाडी १२४, ऑक्सिजन ९२ टक्के. रक्तवायूंच्या तपासणीत कार्बन डायऑक्साइडचा दाब ३९ आला आणि रिपोर्टवर तो ‘नॉर्मल’च्या रकान्यात बसला.

चूक होते ती इथे. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉनमुळे श्वास एरवीच खोल चालतो, म्हणून हा दाब २८ ते ३२च्या आसपास असतो. धापा टाकणाऱ्या बाईचा तो त्याहूनही खाली असायला हवा. तो ३९ असेल तर ती थकत चालली आहे. छातीतली शिट्टी कमी ऐकू येते म्हणून सुटकेचा निःश्वास टाकायचा नाही. हवाच आत-बाहेर होत नसेल तर शिट्टी वाजणार कुठून?

तिचे उपचार गरोदर नसलेल्या बाईसारखेच, फक्त उंबरठा खालचा. ऑक्सिजन ९४-९५ टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचा नाही, कारण बाळाला मिळणारा ऑक्सिजन आईच्या रक्तातूनच येतो. तिला उताणं न झोपवता बसतं किंवा डाव्या कुशीवर ठेवायचं. साल्ब्युटामॉल नेब्युलायझरने, पहिल्या तासात दर २० मिनिटांनी, सोबत इप्राट्रोपियम. स्टिरॉइड पहिल्या तासातच : प्रेडनिसोलोन ४० ते ५० मिलिग्रॅम तोंडाने, किंवा गिळता येत नसेल तर हायड्रोकॉर्टिसोन शिरेतून. वार यातलं बहुतेक प्रेडनिसोलोन निष्क्रिय करते, बाळापर्यंत फार थोडं पोचतं. एवढ्याने उतार पडला नाही तर मॅग्नेशियम सल्फेट २ ग्रॅम २० मिनिटांत, आणि आयसीयूला आधीच कळवून ठेवायचं.

घरी असताना अॅटॅक आला तर स्पेसर लावून निळ्या पंपाचे चार दाब, एकेक करून, प्रत्येक दाबानंतर चार-पाच श्वास. २० मिनिटांत आराम नसेल तर पुन्हा, आणि तेवढ्यात गाडी बोलवायची. बोलताना धाप लागत असेल किंवा बाळाची हालचाल मंदावली असेल तर पहिल्या दाबांचा परिणाम बघत थांबू नये.

प्रसूतीच्या खोलीत काळजी वेगळ्या जागी लागते. नेहमीचे पंप कळांमध्येही चालू ठेवायचे. आधीचे काही आठवडे रोज प्रेडनिसोलोनची गोळी चालू असेल, तर शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड कमी पडू शकतं, म्हणून कळांच्या काळात दर सहा-आठ तासांनी हायड्रोकॉर्टिसोन द्यावं लागतं. भूल द्यायचीच झाली तर पाठीतली बरी, कारण घशात नळी घालताना श्वासनलिका आवळू शकतात. शेवटच्या दोन दिवसांत साल्ब्युटामॉलचे मोठे डोस गेले असतील तर बाळाची साखर पहिले २४ तास तपासायची.

सगळ्यात घातक क्षण मात्र बाळ झाल्यावर येतो, जेव्हा रक्तस्राव थांबत नाही. ट्रेमधलं कार्बोप्रोस्ट गर्भाशयाबरोबर श्वासनलिकाही आवळतं. दमेकरी बाईला ते टाळायचं. मेथिलअर्गोमेट्रिनही जपून. ऑक्सिटोसिन आणि मिझोप्रोस्टॉल चालतात. ज्यांना अॅस्पिरिनने दमा उठतो त्यांना टाक्यांच्या दुखण्यावर डायक्लोफिनॅक न देता पॅरासिटामॉल द्यावं, आणि रक्तदाब वाढला तर लॅबेटॅलॉलऐवजी निफेडिपिन.

२०११मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलमधून आलेल्या प्रयोगाने आणखी एक गाठ सोडवली. श्वासातल्या नायट्रिक ऑक्साइडवरून सूज मोजून डोस ठरवला, तेव्हा अॅटॅक निम्म्यावर आले. स्टिरॉइडचा पंप अधिक बायकांना मिळाला, तरी सरासरी डोस कमीच राहिला. २०१९मध्ये दम्याच्या जागतिक मार्गदर्शिकेने नुसत्या निळ्या पंपावर उपचार नकोत असं सांगितलं. गरोदरपणात तर नीट बसलेला डोस कमी करण्याचीही घाई नको, असा तिचा सल्ला आहे.

साठ वर्षांत औषध सुधारलं आणि पुरावाही जमला. पण स्टिरॉइडचा पंप आजही दुसऱ्या महिन्यातच बंद होतो, बहुतेकदा डॉक्टरच्या कानावर न घालता. म्हणून पहिल्याच तपासणीत ‘पंप चालू आहे ना?’ हे विचारायचं, आणि सातव्या महिन्यात फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहायचं : दमा आहे, कार्बोप्रोस्ट नको. रात्री दोन वाजता ट्रेकडे हात नेणाऱ्याला सकाळच्या डॉक्टरचं काही ठाऊक नसतं.