एकच गणित, सात दिवस

बाजाररचना आणि खेळ सिद्धांताच्या पेपरला आठवडा उरला, की मुलं रोज एक प्रकरण वाचायला घेतात. मी त्यांना मागणीची एकच रेषा देते आणि सातही दिवस तीच सोडवायला सांगते: P = 130 − Q, आणि दर नगाचा खर्च 10 रुपये.

पहिला दिवस पूर्ण स्पर्धेचा. किंमत सीमांत खर्चाइतकी, म्हणजे 10; उत्पादन 120. दुसऱ्या दिवशी मक्तेदारी. सीमांत प्राप्ती 130 − 2Q. ती 10 बरोबर मांडली की उत्पादन 60, किंमत 70, नफा 3600. मक्तेदारीयुक्त स्पर्धेची आकृतीही याच दिवशी काढून टाका.

तिसरा अख्खा दिवस कूर्नोला द्या. 1838 मध्ये त्याने मांडलेली कल्पना अशी: दोन कंपन्या आहेत, आणि दुसरीचं उत्पादन बदलणार नाही असं धरून प्रत्येक जण आपलं उत्पादन ठरवते. पहिलीचं प्रतिसाद-समीकरण येतं q1 = (120 − q2)/2. दुसरीचंही तसंच. दोन्ही एकत्र सोडवली की प्रत्येकी 40 नग, किंमत 50, नफा 1600.

इथेच मार्क जातात. दोघी सारख्याच आहेत म्हणून मुलं आधीच q1 = q2 घालतात आणि मग विकलन करतात. उत्तर येतं प्रत्येकी 30, किंमत 70. ही तर कालची मक्तेदारीची किंमत! म्हणजे कागदावर नकळत दोघींचं संगनमत झालं. आधी विकलन, मग समानता; आणि किंमत 70 आली तर मागे जाऊन तपासा.

चौथ्या दिवशी स्टॅकेलबर्ग: आधी चाल करणारी 60, मागची 30, किंमत 40. बर्ट्रांडमध्ये दोघी किमतीवर लढतात, आणि माल एकसारखा असल्यामुळे किंमत थेट 10 वर येते.

पाचव्या दिवशी हेच आकडे चौकटीत मांडा. दोघींनी 30 पाळले तर प्रत्येकी 1800. एकीने गुपचूप 40 काढले तर तिला 2000, पाळणारीला 1500. दोघींनी 40 काढले तर 1600. दुसरी काहीही करो, 40 काढणंच फायद्याचं. कैद्यांचा पेच तो हाच, आणि नॅश समतोल 40-40.

सहाव्या दिवशी हाच खेळ अनंत फेऱ्यांचा करा. एकदा फसवलं की कायमचं 40 वर जायचं, अशी धमकी असेल तर आज 200 जास्त मिळतात, पण पुढे दर फेरीला 200 जातात. म्हणून उद्याच्या रुपयाची आजची किंमत निदान आठ आणे असेल, तरच करार टिकतो. फेऱ्या ठरलेल्या असतील, तर शेवटच्या फेरीपासून मागे येत तो फुटतो.

सातव्या दिवशी जुना पेपर तीन तासांत सोडवा. त्याआधी एकच बदल करून पाहा: दुसरीचा खर्च 40 धरा. उत्तर 50 आणि 20, किंमत 60 आलं, तर कूर्नो पाठ झालेला नाही, समजलेला आहे.