एक पॉकेट जागचं हललं नाही, तर कुठलंच हलत नाही

कॅरम बोर्ड जमिनीवर ठेवा आणि त्याच्या चार पॉकेटांना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने अ, ब, क, ड अशी नावं द्या. आता बोर्ड उचलून पुन्हा त्याच चौकोनी जागेत बरोब्बर बसेल असा ठेवायचा आहे. हे किती तऱ्हांनी करता येतं? पाव फेरी, अर्धी फेरी, पाऊण फेरी आणि काहीच न करणं या चार तऱ्हा झाल्या. बोर्ड पालथा घालायलाही परवानगी दिली तर आणखी चार मिळतात: दोन बाजूंना समांतर असलेल्या मधल्या रेषांभोवती आणि दोन कर्णांभोवती. म्हणजे एकूण आठ हालचाली. एकामागोमाग एक दोन हालचाली केल्या की या आठांपैकीच एखादी होते, आणि प्रत्येक हालचाल उलटवता येते. अशा कुटुंबाला गणितात ग्रुप किंवा गट म्हणतात, आणि तो पॉकेटांना इकडून तिकडे नेतो याला त्या गटाची क्रिया म्हणतात.

कुठल्याही पॉकेटाच्या जागेवरून कुठल्याही दुसऱ्या जागी नेणारी एखादी तरी हालचाल गटात असेल, तर ती क्रिया ट्रान्झिटिव्ह. ‘काहीच न करणं’ सोडून दुसरी कुठलीही हालचाल एकाही पॉकेटाला जागेवर राहू देत नसेल, तर ती फ्री. दोन्ही गोष्टी एकत्र जमल्या तर ती रेग्युलर. तेव्हा अ कडून ब कडे नेणारी हालचाल असते आणि ती एकच असते.

सगळ्या आठ हालचाली घेतल्या तर क्रिया ट्रान्झिटिव्ह आहे, पण फ्री नाही. अ आणि क मधून जाणाऱ्या कर्णाभोवती बोर्ड पालथा घातला तर ब आणि ड जागा बदलतात, पण अ आणि क जिथल्या तिथे राहतात. नुसत्या चार फेऱ्या घेतल्या तर मात्र सगळं सुरळीत होतं. अ पासून सुरुवात केली की प्रत्येक पॉकेटाकडे जाणारी नेमकी एक फेरी आहे.

फरक नुसता आठ आणि चारचा नाही. फेऱ्या कुठल्याही क्रमाने मारा, परिणाम तोच. अशा गटाला नॉर्वेच्या नील्स हेन्रिक आबेलच्या नावाने आबेलियन म्हणतात. आठांच्या गटात क्रम बदलला की निकाल बदलतो. आधी पाव फेरी आणि मग त्याच कर्णाभोवती पालथं घातलं तर अ जातं ब वर आणि तिथून ड वर. आधी पालथं घालून मग पाव फेरी दिली तर अ आधी जागेवरच राहतं आणि नंतर ब वर जातं.

प्रमेय असं आहे: आबेलियन गटाची क्रिया ट्रान्झिटिव्ह असेल, तर ती आपोआप फ्री आणि म्हणून रेग्युलर असते. सिद्धता मोजक्या वाक्यांची आहे आणि ती स्वतः करून बघण्यातच खरी मजा आहे. समजा स ही हालचाल अ ला जागेवर ठेवते, आणि ब हे दुसरं कुठलंही पॉकेट आहे. क्रिया ट्रान्झिटिव्ह असल्यामुळे अ ला ब वर नेणारी ह नावाची हालचाल आहेच. आधी स आणि मग ह केलं तर अ हलत नाही आणि मग ब वर पोचतं. क्रम उलटा केला तर अ आधी ब वर जातं आणि मग स त्या ब ला कुठे तरी नेतं. पण क्रमाने फरक पडत नाही, म्हणजे दोन्ही वाटांनी ब च मिळायला हवं, म्हणजेच स ने ब लाही जागेवरच ठेवलं.

ब कुठलंही घेता येत होतं. तेव्हा ज्या हालचालीने एका पॉकेटाला हलवलं नाही, तिने कुणालाच हलवलं नाही. ती ‘काहीच न करणं’च ठरली. आणि दोन वेगळ्या हालचाली अ ला ब वर नेत असत्या, तर एक करून दुसरी उलटवल्यावर अ जागेवर आलं असतं; म्हणून त्या दोन्ही एकच. हालचाली आणि पॉकेटं संख्येने सारखी असण्याचं कारण हेच.

इथे ‘आपोआप’ या शब्दामागे एक अट दडली आहे, आणि पुस्तकांत ती घाईने सांगितली जाते. पूर्णांकांचा गट घ्या आणि प्रत्येक पूर्णांकाचा अर्थ ‘इतक्या पाव फेऱ्या’ असा करा. हा गट आबेलियन आहे, क्रियाही ट्रान्झिटिव्ह आहे, पण ४ हा पूर्णांक शून्य नसूनही सगळ्या पॉकेटांना जागेवर ठेवतो. म्हणजे क्रिया फ्री नाही. सिद्धतेत चूक नाही. तिने एवढंच सांगितलं होतं की ४ ने कुणालाच हलवलं नाही. त्यावरून ४ म्हणजे शून्य असा निष्कर्ष काढायला, वेगळे घटक वेगळंच काही तरी करतात ही खात्री लागते. अशा क्रियेला फेथफुल म्हणतात. ती खात्री नसेल, तर सारखंच काम करणारे पूर्णांक एकच मानायचे. मग चारच उरतात आणि प्रमेय पुन्हा लागू होतं.

ट्रान्झिटिव्ह ही अटही टाळता येत नाही. दोन कर्णांभोवतीचे पालथे प्रकार, अर्धी फेरी आणि ‘काहीच न करणं’ यांचा चारांचा गट आबेलियन आहे. पण त्यात अ फक्त अ किंवा क वर जातं, ब वर कधीच नाही. तिथे कर्णाभोवतीची हालचाल दोघांना खुशाल स्थिर ठेवते.

आबेलला याचं काम समीकरणांत पडलं. त्याचा यासंबंधीचा लेख १८२९ मध्ये क्रेल यांच्या नियतकालिकात आला; त्याच वर्षी तो २६ व्या वर्षी क्षयाने वारला. गटांची भाषा तेव्हा नव्हती. त्याने अशी समीकरणं पाहिली, की ज्यांच्या एका मुळावरून बाकीची मुळं साध्या बेरीज-गुणाकार-भागाकारांनी मिळतात आणि ती मिळवण्याच्या क्रियांचा क्रम बदलला तरी चालतो. अशी समीकरणं मुळं काढून, म्हणजे वर्गमूळ-घनमूळ वगैरे वापरून, सुटतात हे त्याने दाखवलं.

नंतर गाल्वाने प्रत्येक समीकरणाला त्याच्या मुळांची अदलाबदल करणारा गट जोडला. समीकरण परिमेय गुणकांच्या लहान समीकरणांत फुटत नसेल तर ही क्रिया ट्रान्झिटिव्ह असते, आणि हालचाल मुळांवरूनच ओळखायची असल्यामुळे फेथफुलही असते. आता आपलं प्रमेय लावा: गट आबेलियन असेल तर हालचाली मुळांइतक्याच.

x⁴ + 1 = 0 घ्या. एक मूळ r मिळालं की बाकीची r³, −r आणि −r³, गट चारांचा. x⁴ − 2 = 0 ची मुळं मात्र १.१८९ च्या आसपासची एक वास्तव संख्या, तिची ऋण संख्या, आणि या दोघींना i ने गुणून येणाऱ्या दोन संख्या अशी आहेत. पातळीवर मांडली तर ती चौरसाचे कोपरे होतात आणि त्यांचा गट नेमका आपल्या बोर्डाच्या आठ हालचालींचा. वास्तव मुळाशी कितीही बेरीज-गुणाकार करा, i हाती लागत नाही.

यातून एक झटपट चाचणी मिळते. i च्या जागी −i लिहिणं ही मुळांची अदलाबदल करणारी अस्सल हालचाल आहे, आणि ती वास्तव मुळांना जागेवर ठेवते. म्हणून न फुटणाऱ्या समीकरणाची काही मुळं वास्तव असतील आणि काही नसतील, तर त्याचा गट आबेलियन असूच शकत नाही; आलेख काढून वास्तव मुळं मोजली तरी पुरे. चाचणी एकतर्फी आहे, हे मात्र ध्यानात ठेवा: x⁴ + 2 = 0 चं एकही मूळ वास्तव नाही, तरी त्याचा गटही आठांचाच आहे आणि आबेलियन नाही.