शेवटची प्रत कोणाची?

‘सभासद म्हणून मला पुस्तक घरी न्यायचं आहे, म्हणजे ते सवडीने वाचता येईल.’ ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरची ही यूजर स्टोरी एवढ्यावरच सोडली, तर छोट्या टीममधलाही प्रत्येक जण आपापला अर्थ लावून कोड लिहितो.

खरा कस लागतो स्वीकृतीच्या निकषांत. समजा, कपाटात एकच प्रत उरली आहे आणि ती दुसऱ्या सभासदासाठी राखून ठेवली आहे. काउंटरवर तिचा बारकोड स्कॅन केला, तर देवघेव थांबली पाहिजे, ‘राखीव’ असा संदेश दिसला पाहिजे आणि प्रतीची नोंद जशीच्या तशी राहिली पाहिजे. हे तिसरं कलम लिहायचं सहज राहून जातं. मग पडद्यावर नकार दिसतो, पण नोंदीत पुस्तक बाहेर गेलेलं असतं!

‘काम झटपट व्हावं’ हा निकष नव्हे. ‘स्कॅननंतर दोन सेकंदांत उत्तर यावं’ हे मात्र घड्याळ लावून तपासता येतं.