गोष्ट कालची, क्रियापद आजचं

शाळेतल्या निबंधात, पुरवणीतल्या प्रवासवर्णनात, नवख्या लेखकाच्या कथेत एक चूक हमखास सापडते. गोष्ट भूतकाळात सुरू होते, दोन-चार वाक्यं नीट चालते आणि मग एखादं क्रियापद अचानक वर्तमानात येऊन उभं राहतं. वाचणारा अडखळतो, पण कशाला अडखळलो ते त्याला चटकन सांगता येत नाही.

ही चूक शोधायची तर सगळी क्रियापदं भूतकाळी आहेत ना एवढं पाहिलं की झालं, असं वाटतं. मराठीत तेवढ्यावर भागत नाही. भूतकाळातल्या गोष्टीत वर्तमानकाळ कितीतरी ठिकाणी हक्कानं येतो. त्यामुळे वेगळं दिसणारं प्रत्येक क्रियापद बदलत सुटलं, तर चांगला परिच्छेद बिघडायचीच भीती जास्त. यासाठी मुद्दाम रचलेला हा एक परिच्छेद घेऊ. सोयीसाठी वाक्यांना आकडे दिले आहेत.

(१) त्या दिवशी कोल्हापूरहून रत्नागिरीची एसटी उशिरा सुटली. (२) जुलैत घाटातला पाऊस थांबायचं नाव घेत नाही. (३) माझ्या शेजारी एक आजी पेंगत होत्या. (४) आंबा घाटात गाडी अचानक थांबते. (५) ड्रायव्हर म्हणाला, “पुढे दरड आली आहे.” (६) आम्ही उतरून पाहतो तो काय, अर्धा रस्ता मातीखाली! (७) कंडक्टरनं डेपोला फोन केला आहे. (८) आजींना यातलं काहीच कळलं नाही. (९) त्या अजून पेंगत आहेत.

पहिलं काम म्हणजे वाक्य पूर्ण करणाऱ्या क्रियापदांखाली रेघ मारणं. सहाव्या वाक्यातल्या ‘उतरून’सारख्या रूपाला स्वतःचा काळ नसतो, ते मुख्य क्रियापदाच्या मागे जातं. ‘उतरल्यावर’, ‘उतरताना’ यांचंही तसंच. ही रूपं सोडून द्यायची. उरलेल्या क्रियापदांपुढे ‘भूत’ किंवा ‘वर्तमान’ असं लिहायचं.

इथेच पहिला चकवा लागतो. आठव्या वाक्याच्या शेवटी ‘नाही’ आहे म्हणून ते वर्तमानाचं, असं घाईत वाटू शकतं. पण ‘नाही’वरून काळ ठरत नाही, त्याच्या आधीचं रूप पाहावं लागतं. ‘कळलं नाही’ हा भूतकाळ, ‘कळत नाही’ हा वर्तमानकाळ. दुसऱ्या वाक्यात ‘घेत नाही’ आहे, म्हणजे तिथे खरोखरच वर्तमान आहे. असाच चकवा ‘होतं’चा. ‘घर जुनं होतं’ यातलं ‘होतं’ असणं या क्रियेचा भूतकाळ आहे; ‘दर पावसाळ्यात असंच होतं’ यातलं ‘होतं’ होणं या क्रियेचा वर्तमानकाळ. शंका आली तर त्या जागी ‘घडतं’ घालून पाहावं. अर्थ जुळला तर ते वर्तमानाचं.

आता गोष्टीचा मूळ काळ दिसतो. सुटली, पेंगत होत्या, म्हणाला, कळलं नाही. ही गोष्ट भूतकाळातली आहे. वर्तमानाची खूण सहा जागी पडते: दुसरं, चौथं, सातवं आणि नववं वाक्य, पाचव्यातलं ड्रायव्हरचं बोलणं आणि सहाव्यातलं ‘पाहतो’. या प्रत्येकाला एकच विचारायचं: तू इथे कोणत्या हक्कानं आलास?

ड्रायव्हरचं उत्तर सरळ आहे. तो त्याच्या त्या क्षणाबद्दल बोलतोय, म्हणून ‘आली आहे’च हवं. अवतरणचिन्हं काढून ‘पुढे दरड आली आहे असं ड्रायव्हर म्हणाला’ असं लिहिलं, तरी मराठीत ‘आली आहे’ तसंच राहतं. बोलणाऱ्याचा किंवा विचार करणाऱ्याचा काळ जसाच्या तसा ठेवणं ही आपल्या भाषेची रीतच आहे. ‘आपण चुकलो आहोत हे त्याला कळलं’ या वाक्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

सहाव्या वाक्यातलं ‘पाहतो तो काय’ ही मराठी कथनातली ठरलेली धाटणी आहे. धक्का द्यायच्या वेळी भूतकाळातल्या गोष्टीतही वर्तमानच वापरतात. ‘मी पोचतो न पोचतो तोच गाडी सुटली’ हीही तशीच. पुढच्या ‘अर्धा रस्ता मातीखाली’ला क्रियापदच नाही, म्हणून त्याची तक्रार नाही. मात्र अशा वाक्यानंतरच्या वाक्याकडे नीट पाहावं. आधार घ्यायला क्रियापद नसलं की लेखकाचा काळ बऱ्याचदा तिथेच घसरतो.

इथेही सातव्या वाक्यात तो घसरला आहे. ‘फोन केला आहे’ ही बातमीची सवय. बातमी आजच्या वाचकाला आजची स्थिती सांगते, म्हणून तिथे ‘पंचनामा केला आहे’ शोभतं. गोष्टीत निवेदक मागे वळून सांगत असतो, तेव्हा ‘फोन केला’ एवढंच पुरे. चौथ्या वाक्यातली ‘थांबते’ वेगळ्या कारणानं आली: उत्कंठेचा क्षण आला आणि लेखकाला प्रसंग डोळ्यांसमोर दिसू लागला. नवव्यात ‘अजून’ या शब्दानं फसवलं. ‘अजून’ म्हटलं की आताच चाललंय असं वाटतं, पण इथलं ‘अजून’ त्या दिवसाचं आहे. म्हणून ‘थांबली’ आणि ‘अजून पेंगतच होत्या’.

‘थांबते’ला एक बचाव आहे. घडून गेलेलं डोळ्यांपुढे उभं करायला वर्तमानकाळ वापरायची पद्धत जुनी आहे, व्याकरणात त्याला ऐतिहासिक वर्तमानकाळ म्हणतात. पण तो एका वाक्यापुरता येऊन जात नाही. ‘गाडी अचानक थांबते’ ठेवायचं तर पुढे ‘ड्रायव्हर म्हणतो’, ‘कंडक्टर फोन करतो’, ‘आजींना काहीच कळत नाही’ असं सलग चालायला हवं, आणि तेव्हा ‘पेंगत आहेत’ही आपोआप बरोबर ठरतं. भूतकाळात परतायचं ते प्रसंग संपल्यावर, शक्यतो नव्या परिच्छेदात. आपल्या परिच्छेदात ‘थांबते’च्या पाठोपाठ ‘म्हणाला’ आहे. ही शैली नव्हे, घसरणच.

राहिलं दुसरं वाक्य. जुलैत घाटात पाऊस दर वर्षी पडतो. आजही खरं असलेलं विधान वर्तमानात येणार, त्यात चूक नाही. पण ते ‘थांबायचं नाव घेत नव्हता’ असं केलं तरी व्याकरण बिघडत नाही, अर्थ मात्र बदलतो. मूळ वाक्य घाटाचा स्वभाव सांगतं, बदललेलं फक्त त्या दिवसांबद्दल बोलतं. लेखकाला यातलं काय म्हणायचं होतं ते परिच्छेदावरून कळत नाही. म्हणून मजकूर दुसऱ्याचा असेल तर चौथं, सातवं, नववं वाक्य तपासणाऱ्यानं खुशाल दुरुस्त करावं, पण दुसऱ्या वाक्यापुढे प्रश्नचिन्ह काढून ते लेखकाकडे परत पाठवावं.