राखीला माफी, ओवाळणीला कर

म्युनिकमध्ये नोकरी करणारा भाऊ साताऱ्याच्या ताईला राखीपौर्णिमेसाठी खोकं पाठवायला बसला, की त्यात साधारण ठरलेल्याच वस्तू पडतात : चॉकलेटं, पर्स आणि अत्तराची बाटली. अत्तर पहिल्याच पायरीवर बाद होतं. त्यात अल्कोहोल असल्यामुळे हवाई टपालाच्या लेखी तो ज्वालाग्राही माल ठरतो.

खरी अडचण पुढे, भारतात उतरल्यावर. पूर्वी परदेशातून आलेल्या पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटीला सीमाशुल्क लागत नसे. परदेशी ऑनलाइन दुकानांनी याचा फायदा घेऊन विक्रीचा मालही ‘गिफ्ट’ म्हणून पाठवायला सुरुवात केली, तेव्हा डिसेंबर 2019 मध्ये सरकारनं ही वाट बंद केली. टपालानं किंवा कुरिअरनं करमाफीची भेट म्हणून आता दोनच गोष्टी येऊ शकतात : जीवरक्षक औषधं आणि राखी. राखीसोबतची भेटवस्तू मात्र नाही, हेही त्या अधिसूचनेत स्पष्ट लिहिलं आहे. गंमत अशी, की राखी ताईकडून बाहेर जाते आणि भावाकडून आत येते ती ओवाळणी. म्हणजे सवलत नेमकी उलट्या दिशेला!

पूर्ण कर भरला तर भेट पाठवता येते. हा कर वस्तूच्या किमतीत पाठवणावळ मिळवून आकारतात, म्हणून स्वस्त पर्स महागड्या कुरिअरनं पाठवणं आतबट्ट्याचं. शिवाय कुरिअर कंपनी सोडवणुकीसाठी ताईकडे ओळखपत्र मागते, त्यामुळे अचानक भेटीची मजा तिथेच संपते. जाहीरनाम्यावर नुसतं ‘गिफ्ट’ लिहू नये. ‘लेडीज लेदर हँडबॅग, एक नग’ असं लिहून खरी किंमत टाकावी; मोघम वर्णनाचं खोकं तपासणीत अडकायची शक्यता जास्त. माझं मत विचाराल तर वस्तू इथल्याच दुकानातून ऑनलाइन मागवावी आणि म्युनिकहून फक्त हातानं लिहिलेली चिठ्ठी पाकिटातून धाडावी. ‘ताई, यंदाही ओवाळणी उधार नाही, पण येऊन भांडायचं राहिलंय,’ एवढ्या दोन ओळी तिला पुरतात.

ताईच्या बाजूलाही एक बंधन आहे. दुधाचे पदार्थ बाहेरून टपालानं युरोपीय संघात न्यायला बंदी असल्यानं साताऱ्याचे कंदी पेढे पाठवू नयेत. पाकिटात राखी तेवढी घालावी.

उन्हाळी वेळेमुळे राखीपौर्णिमेला म्युनिक साडेतीन तास मागे असतं. भावानं कामाला निघण्याआधी सातला फोन लावला, तर साताऱ्यात साडेदहा वाजलेले असतात. ताईची पूजा आटोपलेली, नारळीभात चुलीवर. ओवाळताना निरांजन मोबाइलच्या फार जवळ नेलं तर ज्योतीच्या उजेडानं कॅमेरा गोंधळतो आणि मागचा चेहरा काळवंडतो. ताम्हन हातभर लांब धरावं. राखी बांधायला तिकडे कुणी नसेल तर भाऊ एका हातानं आणि दातांनी गाठ मारतो, आणि ताई इकडून ओरडत राहते, “अरे, उजव्या हाताला!” भाऊबीज ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर आली, तर मात्र साडेचार तासांचा हिशेब धरायचा.