कूपन नाही, कोड नाही, तरी सवलत खात्यात

2010 सालच्या नोव्हेंबरची 27 तारीख. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार. अमेरिकन एक्सप्रेस या कार्ड कंपनीने त्या दिवसाला ‘स्मॉल बिझनेस सॅटर्डे’ असं नाव दिलं आणि ग्राहकांना सांगितलं, आधी आपलं कार्ड इंटरनेटवर नोंदवा, मग गल्लीतल्या एखाद्या लहान दुकानात 25 डॉलर खर्च करा, ते 25 डॉलर तुमच्या खात्यात परत येतील. दुकानात कोणालाही काही दाखवायचं नव्हतं. दुकानदाराने पूर्ण पैसे घेतले, त्याच्या पावतीवर सवलतीचा उल्लेखसुद्धा नव्हता. ग्राहकाच्या स्टेटमेंटमध्ये मात्र नंतर 25 डॉलर जमा झालेले दिसले.

आज अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या बँकांच्या अ‍ॅपमध्ये अशा ऑफरची रांगच लागलेली असते, आणि अमेरिकन एक्सप्रेस भारतातही त्या देते. तिकडे नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी घरांत ‘आधी अ‍ॅपमध्ये ऑफर लावली का?’ हा प्रश्न जेवायला बाहेर पडण्यापूर्वी विचारला जातो. आपल्याकडे विजय सेल्स किंवा क्रोमामध्ये अमुक बँकेच्या कार्डावर जी तत्काळ सवलत मिळते, तिच्याहून हा प्रकार वेगळा आहे. तिथे कार्डाचे सुरुवातीचे आकडे पाहून कार्ड कोणत्या बँकेचं आहे ते मशीन ओळखतं आणि सवलत बिलातच वजा होते. म्हणजे ऑफर दुकानाच्या मशीनला माहीत असते. कार्डाला जोडलेली ऑफर दुकानाच्या मशीनला अजिबात माहीत नसते. ती फक्त कार्ड देणाऱ्याकडे किंवा कार्डाच्या नेटवर्ककडे नोंदलेली असते.

मग खरेदी झाली हे कळतं कसं? त्यासाठी वेगळी काही यंत्रणा लागत नाही. कार्ड टॅप केल्यावर पैसे मंजूर करण्यासाठी जो निरोप दुकानातून बँकेपर्यंत जातो, त्यातच सगळं असतं. जगभर या निरोपाचा साचा ठरलेला आहे, त्याला ISO 8583 म्हणतात. त्यात कार्डाचा क्रमांक असतो, रक्कम असते, वेळ असते. दुकानाची ओळख सांगणारा 15 अक्षरांपर्यंतचा एक क्रमांक असतो, त्याला व्यवहारात मर्चंट आयडी म्हणतात. दुकान कोणत्या प्रकारचं आहे हे सांगणारा चार आकडी कोड असतो, उदाहरणार्थ किराण्यासाठी 5411 आणि रेस्टॉरंटसाठी 5812. आणि दुकानाचं नाव व गाव यांसाठी मिळून अवघी 40 अक्षरांची जागा असते. स्टेटमेंटमध्ये तुटक, अर्धवट नावं दिसतात ती यामुळेच.

या निरोपात एक गोष्ट बहुधा नसते, ती म्हणजे काय विकत घेतलं. साबण घेतला की शर्ट, हे नेहमीच्या कार्ड-व्यवहारात बँकेला कळत नाही. कोणी, कुठे आणि किती, एवढ्या तीनच गोष्टींवर या ऑफर चालतात. म्हणूनच त्यांची भाषाही ठरलेली असते: या दुकानात एवढे खर्च करा, एवढे परत मिळवा. ‘या टूथपेस्टवर वीस टक्के’ अशी ऑफर या रस्त्याने देता येत नाही. या ऑफर ज्या ज्या ठिकाणी अडखळतात, तिथलं कारणही बहुतेक वेळा या तीन गोष्टींतच सापडतं.

एक व्यवहार शेवटपर्यंत पाहू. समजा न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्या एका जोडप्याला अ‍ॅपमध्ये एका रेस्टॉरंटची ऑफर दिसली: 50 डॉलर किंवा जास्त खर्च करा, 10 डॉलर परत मिळवा. त्यांनी ती ऑफर कार्डाला जोडली. त्या क्षणी कार्ड देणाऱ्या कंपनीच्या नोंदीत त्यांचं कार्ड-खातं, ऑफरचा क्रमांक आणि तिची मुदत एकत्र बांधली गेली. त्या ऑफरसोबत रेस्टॉरंटच्या मर्चंट आयडींची यादी आधीपासूनच ठेवलेली असते. मोठ्या साखळीच्या शेकडो शाखा असतील तर शेकडो आयडी. ही यादी दुकानाकडून मिळते. ती नीट नसेल तर कोणी तरी प्रत्येक शाखेत जाऊन छोटीशी खरेदी करतं आणि नोंद कशी उमटते ते पाहतं. एवढ्या स्वयंचलित कारभाराच्या मुळाशी असं पायपिटीचं काम असतं, हे मुद्दाम सांगायला हवं.

जेवणाचं बिल झालं 43 डॉलर 30 सेंट. त्यावर न्यू जर्सीचा 6.625 टक्के विक्रीकर धरून 46 डॉलर 17 सेंट. वेटरने कार्ड स्वाइप केलं तेव्हा एवढ्याच रकमेची मंजुरी मागितली गेली. ती 50च्या आत आहे, त्यामुळे या टप्प्यावर ऑफर लागू झालेली दिसत नाही. मग त्यांनी स्लिपवर 8 डॉलर टिप लिहिली आणि सही केली. रात्री रेस्टॉरंटने दिवसभराचे व्यवहार बंद करून पाठवले तेव्हा अंतिम रकमेची दुसरी नोंद निघाली: 54 डॉलर 17 सेंट. प्रत्यक्ष पैसे हलतात ते या दुसऱ्या नोंदीवर, आणि ऑफरचा हिशोबही सर्वसाधारणपणे तिच्यावरच होतो. कार्ड जुळलं, मर्चंट आयडी यादीत सापडला, तारीख मुदतीत आहे, रक्कम 50च्या वर आहे. 10 डॉलर परत करण्याचा आदेश निघाला आणि काही दिवसांनी स्टेटमेंटमध्ये वेगळी जमा-ओळ आली. मूळ 54 डॉलर 17 सेंट तसेच राहतात. सवलत बिलातून वजा होत नाही, खात्यात जमा होते.

मंजुरी आणि अंतिम नोंद यांतला हा फरक पेट्रोल पंपावर आणखी ठळक दिसतो. तिथे पंपावर कार्ड लावताना किती पेट्रोल भरणार हे कोणालाच माहीत नसतं, म्हणून आधी एक अंदाजी रक्कम, कधी फक्त 1 डॉलर, मंजूर करून घेतली जाते. केवळ त्या पहिल्या निरोपावर हिशोब केला असता तर ऑफर हमखास चुकली असती. अ‍ॅपमधून ‘ऑफर वापरली’ असा संदेश कधी दोन मिनिटांत येतो आणि कधी दोन दिवस येतच नाही, याचं एक कारण हेच.

आता चुकतं कुठे? सर्वात जास्त ‘कुठे’ या प्रश्नावर. अमेरिकेत टार्गेट या दुकानांच्या आत स्टारबक्सचे काउंटर असतात. पाटी स्टारबक्सची, कपावरचं नाव स्टारबक्सचं, पण ते चालवतं टार्गेट आणि पैसे टार्गेटच्या आयडीवर जातात. तिथे कॉफी घेतली तर स्टारबक्सची ऑफर लागत नाही. जेवण घरपोच मागवलं तर पैसे डिलिव्हरी अ‍ॅप घेतं, रेस्टॉरंटचा आयडी नोंदीत येतच नाही. हॉटेलची खोली प्रवास-संकेतस्थळावरून आधीच पैसे भरून घेतली तरी तेच. लहान दुकानं बिलिंगसाठी मध्यस्थ कंपनी वापरतात तेव्हा स्टेटमेंटवर नावाआधी `SQ *` किंवा `TST*` अशी अक्षरं येतात. पहिली स्क्वेअर या कंपनीची खूण, दुसरी टोस्टची. दुकानाने अशी यंत्रणा मध्येच बदलली की त्याचा आयडीही बदलू शकतो, आणि जुन्या यादीवर चालणारी ऑफर त्या दुकानाला ओळखत नाही. ग्राहकाची यात काहीच चूक नसते, पण पैसे त्याचेच अडकतात.

‘कोणी’ या प्रश्नाचा घोळ कमी, पण त्रासदायक. ऑफर एका विशिष्ट कार्डाला जोडलेली असते. नवऱ्याच्या कार्डावर ऑफर घेतली आणि बिल बायकोच्या पुरवणी कार्डावर भरलं, तर अटींप्रमाणे ती लागू न होण्याचीच शक्यता जास्त. फोनमधल्या अ‍ॅपल पेने पैसे दिले तर दुकानाकडे खऱ्या क्रमांकाऐवजी एक पर्यायी क्रमांक जातो. तो कोणत्या कार्डाचा हे नेटवर्कला माहीत असतं, त्यामुळे बँकेच्या ऑफरला तिथे सहसा अडचण येत नाही.

बँकेऐवजी एखाद्या त्रयस्थ कॅशबॅक अ‍ॅपमध्ये कार्ड नोंदवलं असेल तर मात्र आणखी एक खाच आहे. अशा अ‍ॅपला तुमच्या खरेदीची खबर बँकेकडून मिळत नाही, व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या नेटवर्ककडून मिळते. अमेरिकेत डेबिट कार्डाचा व्यवहार, विशेषतः पिन टाकून केलेला, दुसऱ्याच डेबिट नेटवर्कवरून जाऊ शकतो. मग व्हिसाला तो व्यवहार दिसतच नाही आणि अ‍ॅपलाही कळत नाही. ‘डेबिट कार्ड वापरताना मशीनवर क्रेडिट निवडा, पिन टाकू नका’ अशी सूचना या अ‍ॅपच्या अटींमध्ये असते, तिचं कारण हे आहे.

हे 10 डॉलर येतात दुकानदाराच्या खिशातून. त्याला कार्डाचे पैसे नेहमीसारखे मिळतात, आणि ऑफरचं बिल नंतर वेगळं येतं: ग्राहकाला दिलेली सवलत अधिक कमिशन. या धंद्यात लवकर उतरलेली कंपनी म्हणजे 2008 साली अटलांटात सुरू झालेली कार्डलिटिक्स. जाहिरातीचे पैसे ती दुकानांकडून घेते, त्यातून ग्राहकाची सवलत वळती करते आणि उरलेल्यातला वाटा बँकेला देते. ग्राहकाचं नाव-पत्ता बँकेतच राहतो, कार्डलिटिक्सपुढे येतात ते निनावी क्रमांक आणि त्यांच्या खरेदीच्या नोंदी. त्यांवरून कोणाला कोणती ऑफर दाखवायची ते ठरतं. वर्षभर त्या साखळीकडे न फिरकलेल्याला मोठी सवलत दिसते, दर आठवड्याला येणाऱ्याला कमी दिसते किंवा दिसतच नाही. ऑफरमुळे खरोखर जास्त विक्री झाली का, हे तपासायला काही ग्राहकांना ती जाणूनबुजून दाखवली जात नाही आणि दोन्ही गटांचा खर्च ताडून पाहिला जातो.

शेजाऱ्याच्या अ‍ॅपमध्ये दहा टक्के आणि आपल्या अ‍ॅपमध्ये काहीच नाही, याचा एक अर्थ असा असू शकतो की त्या दुकानाने आपल्याला हक्काचं गिऱ्हाईक धरलं आहे. निष्ठावान ग्राहकाला यात कमी मिळतं, आणि ही बाजू जाहिरातीत कुठेच सांगितली जात नाही.

ऑफर जोडताना तिच्या अटींमधली तीन वाक्यं जरूर वाचावीत: थेट दुकानातच पैसे भरायचे आहेत का, जमा होण्याची मुदत किती आहे, आणि गिफ्ट कार्डाची खरेदी धरली जाते का. वस्तू परत केली तर जमा झालेली सवलतही परत घेतली जाऊ शकते, हेही त्याच अटींत असतं. मुदत उलटूनही पैसे आले नाहीत तर स्टेटमेंटवर दुकानाचंच नाव आलंय का ते आधी बघावं. ते बरोबर असेल तर पावती आणि ऑफरचा स्क्रीनशॉट घेऊन कार्ड देणाऱ्या बँकेकडे तक्रार करावी. दुकानाच्या काउंटरवर वाद घालण्यात अर्थ नाही, कारण तिथल्या माणसाच्या मशीनमध्ये या ऑफरची नोंदच नसते.